दोन हात की चार?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

टेप लायब्ररीत काम करणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटत असेल, तर ती बुरशीची किंवा उंदराची नव्हे, नुसते 'लोकसंगीत' एवढेच लिहिलेल्या डब्याची. आत बारा मिनिटांची फीत असते. कोण गातंय, कुठलं पथक, कुठल्या गावचं, काही पत्ता नसतो. क्यू शीट कधीच हरवलेली असते. आणि प्रसारणाला अर्धा तास उरलेला असतो.

असाच एक डबा 1988 साली माझ्या हाती आला. मी फीत लावली. टुणटुण असा तुणतुण्याचा कोरडा, आखूड आवाज आला, मागे झांज आली, चामड्याचं वाद्य घुमलं आणि देवाला आवाहन सुरू झालं. मागचे दोघे ओळ झेलत होते. मी म्हटलं, हा तमाशाच्या फडाचा गण. निवेदकाला तसं लिहून दिलं आणि ते तसंच प्रसारित झालं. आठ दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं. लिहिणारा गोंधळ्याच्या घरातला होता. आवाज त्याच्या वडिलांचा होता, ते वारून पाच वर्षं झाली होती, आणि घरात त्यांची दुसरी एकही फीत नव्हती. रागावलेलं नव्हतं ते पत्र. एवढंच विचारलं होतं, 'आमच्या वडिलांचा संबळ तुम्ही तमाशात कसा नेलात?'

मी पुन्हा फीत लावली आणि आपण कुठे चुकलो ते शोधू लागलो.

पहिली चूक तुणतुण्याची. तुणतुणं ऐकून मी अर्धा निर्णय घेऊन मोकळा झालो होतो. पण तुणतुणं तमाशात असतं, पोवाड्यात असतं, गोंधळात असतं, वाघ्या-मुरळीच्या जागरणातही असतं. ते फार तर घराणं सांगतं, घर सांगत नाही. शब्दांचंही तेच. गणपतीला किंवा देवीला बोलावणं हे ह्या सगळ्यांच्याच सुरुवातीला येतं. घर ओळखायचं ते चामड्यावरून. पोवाड्यात डफ, जागरणात छोटी दिमडी, गोंधळात संबळ, फडात ढोलकी आणि तिच्या जोडीला हलगी.

आता तुम्ही म्हणाल, ढोलकी आणि संबळ ह्यांत कसला गोंधळ? समोर बसून ऐकलं तर नाहीच होत. ढोलकी बोटांनी वाजते, संबळ काठ्यांनी. पण ही मुद्रणं एकाच मायक्रोफोनवर, गावातल्या पटांगणात किंवा देवळाच्या ओवरीत केलेली. मायक्रोफोन गाणाऱ्याच्या तोंडाजवळ, वाद्यं मागे. अशा वेळी काठीची टोकदार धार हवेतच बोथट होते आणि कानावर येतात ते फक्त दोन आवाज, एक चढा नि एक खर्जाचा. चढा आवाज शेकून ताणलेल्या हलगीचा आणि खालचा ढोलकीच्या डाव्या पुडीचा, असं मी मनाशी जुळवून टाकलं होतं. प्रत्यक्षात ते एकाच संबळाचे दोन भाग होते. कमरेला बांधलेल्या त्या जोडीत एक लहान, एक मोठं.

मग खरा प्रश्न उरतो तो असा, की हे दोन आवाज काढणारी माणसं किती आहेत? एक, की दोन? हे मात्र फितीवरून कळतं, आणि अगदी वाईट फितीवरूनही कळतं. कारण एका माणसाला दोनच हात असतात.

मी शब्द सोडून दिले आणि फक्त चढ्या आवाजाकडे लक्ष ठेवलं. वादक रंगात आला की तो लहान तोंडावर दोन्ही काठ्यांनी झपझप तडतड काढतो. त्या क्षणी खर्जाचं काय होतं? फितीवर ते बंद पडत होतं. तडतड संपली की खर्ज परत यायचा, समेवर. मी पेन्सिल घेऊन बसलो आणि प्रत्येक तडतडीला एक रेघ ओढली. बारा मिनिटांत एकोणीस रेघा झाल्या, आणि एकाही वेळी खाली भरगच्च खर्ज वाजत नव्हता. फडात असं होणार नाही. तिथे हलगीवाला कडकडाट करत असतो तेव्हाच ढोलकीवाला खाली आपलं काम चोख करत असतो, किंबहुना त्यांची चुरस ऐकायलाच लोक पुढे सरकतात. शिवाय दोन माणसं कितीही तयारीची असली, तरी त्यांचे ठोके केसाएवढे मागेपुढे पडतात. एक थांबतो, घाम पुसतो, दुसरा चालू राहतो. माझ्या फितीवर दोन्ही आवाज एकदम सुरू होत, एकदम थांबत.

पुढे मला कळलं की पाश्चात्त्य संगीत ऐकणारेही शेवटी हेच करतात, माणसं मोजतात. स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो, एका ओळीला एकच माणूस. त्यामुळे गज तारेवर टेकतानाची खरखर स्वतंत्र ऐकू येते. तीच चाल दहा व्हायोलिनवाले मिळून वाजवू लागले की ती खरखर एकमेकांत विरघळून आवाजाला मखमल येते. त्यात तळाशी डबल बास आला, की ते क्वार्टेट नव्हे, वाद्यवृंद. मुंबईतल्या हॉटेलांतून गोव्याचे वादक बिग बँडमध्ये वाजवत, तिथे ट्रम्पेट एकटं नसतं, तीन-चार जण मिळून एकच स्वरगुच्छ फुंकतात आणि सॅक्सोफोनांची रांग त्याला उत्तर देते. वाद्य कोणतं हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ते एकटं आहे की रांगेत, हेही.

ह्या मोजणीलाही मर्यादा आहेत. मायक्रोफोन दूर असेल तर तुणतुणं पार नाहीसं होतं, म्हणून जे ऐकू येत नाही ते नव्हतंच, असं मी कधी लिहीत नाही. दुसरं म्हणजे वेग. सेकंदाला पंधरा इंचांनी भरलेली फीत साडेसात इंचांवर लावली, तर सगळं एक सप्तक खाली येतं आणि ढोलकीचा पखवाज होतो. माणूस गात असेल तर त्याचा राक्षसी आवाज ऐकून लगेच कळतं, पण नुसत्या वादनाच्या फितीवर मी एकदा फसलो आहे. टाळ्या किंवा कुणाचा खोकला सापडेपर्यंत फीत पुढे न्यावी, मग वेग ठरवावा. आजकाल ह्या फितींच्या संगणकीय फाइली झाल्या आहेत, पण चुकीच्या वेगानं उतरवलेली फाइल तशीच चुकीची राहते, फक्त ती जास्त स्वच्छ ऐकू येते.

आणि सगळ्यात फसवं मुद्रण स्टुडिओतलं. गावाकडून शाहीर एकटा आलेला, साथीला तिथलेच पगारी तबलजी आणि पेटीवाले. अशा फितीवरून स्टुडिओत त्या दिवशी कोण हजर होतं एवढंच कळतं. गायकाच्या पथकाबद्दल वाद्यं काही सांगत नाहीत. झेलणारे आवाज शिकलेले, साफ, एका सुरात जुळलेले असले, की मला शंका येते. फडातले सुरत्ये किंवा गोंधळ्याचे साथीदार इतके गुळगुळीत झेलत नाहीत.

पोस्टकार्डाला मी उत्तर लिहिलं, चूक कबूल केली. फीत पुन्हा लागली तेव्हा नाव आणि प्रकार दोन्ही बरोबर सांगितले. तो मुलगा नंतर स्वतः आला होता. त्याला मी फीत ऐकवली. पेन्सिलीच्या रेघांचा कागदही दाखवला. त्यानं तो कागद पाहिला आणि म्हणाला, "एकोणीस नाही, वीस आहेत. सातव्या मिनिटाला वडिलांची डावी काठी निसटली होती, तिथे तुमची एक रेघ राहिली." आम्ही फीत मागे फिरवून ऐकली. तडतड अर्ध्यावर तुटली होती, खर्ज दोन ठोके उशिरा आला होता.