आजीचा पाळणा आणि बाळाचं पहिलं वर्ष

आमच्या बचत गटातल्या तिघीजणी बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचे व्हिडिओ करून देतात. वर्षभराचे फोटो एकामागून एक लावायचे, त्यावर बाळाच्या प्रगतीच्या दोन-चार शब्दांच्या ओळी लिहायच्या आणि मागे अंगाई वाजवायची. हे फोनवरच होतं, त्याला वेगळं यंत्र लागत नाही. तरी बऱ्याच घरी व्हिडिओ होतो आणि मन भरत नाही. गाणं संपायच्या आधी फोटो संपतात, नाही तर अक्षरं वाचून व्हायच्या आत पळून जातात. कधी एखादी ओळ घरातल्याच कुणाला तरी टोचते. आज आम्ही एकाच व्हिडिओची गोष्ट सांगणार आहोत, म्हणजे हे कशानं होतं ते कळेल.

ही मुलगी 14 फेब्रुवारी 2024 ला जन्मली. दिवस भरायला सात आठवडे बाकी होते. वजन 1 किलो 700 ग्रॅम. सोळा दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीजवळ गेले आणि 1 मार्चला ती घरी आली. वाढदिवस जवळ आला तेव्हा तिची आई आमच्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, व्हिडिओ करायचाय. पण कितव्या महिन्यात बसली, कितव्या महिन्यात उभी राहिली, ते लिहू नका. आमच्याकडची माणसं तेच मोजत बसतात."

आम्ही आधी फोटो मागितले नाहीत, आधी गाणं मागितलं. सगळे उलट करतात. साठ फोटो निवडतात, मग त्यांना पुरेल असं गाणं शोधतात. गाण्याची लांबी आपल्या हातात नसते, फोटोंची संख्या असते. म्हणून गाणं पहिलं. आणि सिनेमातल्या अंगाईपेक्षा घरातल्या आजीचा पाळणा घ्यावा. बाळानं वर्षभर तोच ऐकलेला असतो. शिवाय सिनेमातलं गाणं लावून व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, तर गाण्याच्या मालकाचा दावा येऊन आवाज बंद होऊ शकतो.

आजींचा आवाज दुपारी घरात घेतला. पंखा बंद, दार लावलेलं, फोन घडी घातलेल्या गोधडीवर, आजींच्या तोंडापासून हातभर लांब. फोन फरशीवर किंवा पाळण्याच्या दांडीला ठेवला तर करकर आवाज येतो. आजींना पाळण्याची दोरी मात्र हातात दिली. दोरी हातात असली की झोक्याच्या तालावर गळा चालतो, नुसतं बसून गायलं की लय पळते.

पाळणा झाला दोन मिनिटं चोवीस सेकंदांचा, म्हणजे 144 सेकंद. सुरुवातीला आजी आठ सेकंद नुसत्या गुणगुणल्या. मग चार-चार ओळींची पाच कडवी, त्यांना 120 सेकंद. शेवटी सोळा सेकंद पुन्हा गुणगुणणं. एका ओळीला एक फोटो, म्हणजे वीस फोटो. गुणगुणण्यावर सुरुवातीला नावाचा एक आणि शेवटी एक. एकूण बावीस. एका ओळीत दोन फोटो घातले की डोळा धावायला लागतो, अंगाईचा संथपणा जातो.

आता हिशेब असा दिसतो की 120 भागिले वीस, प्रत्येक फोटो सहा सेकंद. पण आजी काही घड्याळ नाहीत. पहिलं कडवं बावीस सेकंदांत झालं, मग तेवीस, चोवीस, पंचवीस, आणि झोप आणणारं शेवटचं कडवं सव्वीस सेकंदांत. सगळीकडे सहा सेकंद ठेवले असते तर दुसऱ्या कडव्याच्या शेवटी फोटो गाण्याच्या तीन सेकंद मागे पडला असता. तीन सेकंद म्हणजे अर्धी ओळ. म्हणून प्रत्येक कडव्याची वेळ वेगळी मोजायची आणि तिला चारने भागायचं. पहिल्या कडव्यातले फोटो साडेपाच सेकंदांचे, शेवटच्या कडव्यातले साडेसहांचे. बरोबर जमलं का ते कसं ओळखायचं? आजी श्वास घेतात तिथे फोटो बदलला पाहिजे. शब्दाच्या मध्येच बदलला तर चुकलं.

आणखी एक गोम आहे. एका फोटोतून दुसरा हळूच उगवतो, ते दिसायला छान असतं. पण बऱ्याच ॲपमध्ये त्यासाठी दोन फोटो एकमेकांवर चढतात आणि तेवढा वेळ एकूणातून कमी होतो. बावीस फोटोंमध्ये एकवीस सांधे. प्रत्येकी एक सेकंद धरला तर एकवीस सेकंद गेले. आजी गातच असतात आणि पडदा काळा होतो. असं दिसलं तर फोटो कमी पडलेत असं समजू नका, सांधे काढून बघा. आम्ही फक्त दोन कडव्यांच्या मध्ये सांधा ठेवला आणि त्याचा वेळ आधीच्या फोटोला वाढवून दिला.

आता अक्षरं. तारखा आठवणीतून लिहायच्या नाहीत. फोनमध्ये मूळ फोटो उघडून तपशील पाहिला की काढल्याची तारीख मिळते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ती नसते. बाळाच्या पहिल्या हसण्याचा फोटो वडिलांच्या फोनवर IMG-20240609-WA0012 या नावानं होता. त्यावरून घरचे 9 जून म्हणत होते. पण ती फोटो पाठवल्याची तारीख. तो काढला होता आत्यानं, आणि तिच्या फोनमधल्या मूळ फोटोवर 18 मे होती. मूळ फोटो सापडला नाही तर माता-बाल कार्ड काढा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींच्या खऱ्या तारखा आणि अंगणवाडीतली वजनं त्यात असतात. फोटोतलं बाळ कुठल्या लसीच्या आसपासचं आहे हे आईला बरोबर सांगता येतं.

मग आईच्या काळजीकडे वळलो. मुलगी आधाराशिवाय बसली 14 नोव्हेंबरला, म्हणजे बरोबर नऊ महिन्यांची झाली त्या दिवशी. शेजारचं बाळ सहाव्या महिन्यात बसलेलं, म्हणून हिला 'उशिरा' म्हणत होते. पण लवकर जन्मलेल्या बाळाचं वय डॉक्टर दिवस भरायच्या तारखेपासून मोजतात. त्या हिशेबानं बसली तेव्हा ती सात महिन्यांहून थोडी मोठी होती. जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 साली पाच देशांतल्या निरोगी बाळांचा अभ्यास छापला, त्यात भारतही होता. त्यात आधाराशिवाय बसण्याचा काळ सुमारे पावणेचार ते सव्वानऊ महिने असा आला. एकट्यानं चालण्याचा काळ सव्वाआठ ते साडेसतरा महिने. आणि शंभरातली चारेक बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, ती थेट पुढच्या पायरीवर गेली. आमची ही मुलगीही रांगली नाही, बुडावर सरकत घरभर फिरली. दिवस भरायच्या तारखेपासून मोजूनही या काळाच्या पुढे गेलं तर मात्र आशाताईंना सांगून डॉक्टरांना दाखवावं.

हे सगळं व्हिडिओत लिहायचं नसतं. फक्त एक नियम धरायचा. बाळानं काय केलं ते लिहायचं, कितव्या महिन्यात ते नाही. तारीख हवी तर बारीक अक्षरात कोपऱ्यात. या व्हिडिओतल्या काही ओळी अशा झाल्या. "आली, जरा घाईनंच." "बाबांचं बोट धरलं." "सोळा दिवसांनी घरी." "पहिलं हसू, आजीकडे बघून." "बसली, कुणाला न धरता." "सरकत सरकत घरभर." "दार धरून उभी!" वाढदिवसाला ती चालत नव्हती, म्हणून चालण्याची ओळच नाही. दुसऱ्याच्या व्हिडिओतल्या ओळींची यादी घेतली की आपल्या बाळाच्या नावापुढे रिकामी जागा दिसते. आपल्याच फोटोंवरून लिहिलं तर ती दिसत नाही.

बाबांचं बोट धरलेला फोटो दवाखान्यातला होता. हाताला पट्टी, बाजूला नळी. मावशी म्हणाल्या, शुभ दिवशी हे कशाला? आम्ही आईला विचारलं. ती म्हणाली, "ते सोळा दिवस काढलेत आम्ही. तेच गाळलं तर ही कुणाची गोष्ट?" फोटो ठेवला. पण पहिला नाही. सुरुवातीला आजचं हसरं तोंड आणि नाव, मग पहिल्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीवर हा. बघणाऱ्याला आधीच कळलेलं असतं की बाळ छान आहे, मग नळी बघून छाती धडधडत नाही.

ओळ चार-पाच शब्दांची हवी. ती सावकाश मोठ्यानं दोनदा वाचा. फोटो बदलायच्या आत दोनदा वाचून झाली तर आजीही वाचू शकतील. फोटोबरोबरच अक्षरं आणू नका, सेकंदभर उशिरा आणा. डोळा आधी तोंडाकडे जातो. आणि जोडाक्षरं तपासा. काही ॲपमध्ये 'पहिल्यांदा' लिहिलं की ल आणि य सुटे पडतात किंवा वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते. मुक्ता किंवा बालू हे टाइप निवडले तर सहसा नीट दिसतं. तरी जमलं नाही तर ओळ कागदावर ठळक हातानं लिहून तिचाच फोटो घाला.

शेवटचं काम वाटपाचं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला की तो दाबला जाऊन धुरकट होतो आणि बारीक तारखा वाचता येत नाहीत. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जसाच्या तसा जातो. आंघोळीचे उघडे फोटो व्हिडिओत घालूच नका, कारण एकदा पाठवलेलं पुढे कुणाच्या स्टेटसवर जाईल ते आपल्या हातात नसतं. तसा एक गोड फोटो या घरीही होता. तो आईनं अल्बमसाठी कागदावर काढून घेतला.

वाढदिवसाला टीव्हीवर व्हिडिओ लागला. 'बसली, कुणाला न धरता' ही ओळ आली तेव्हा कुणीतरी विचारलंच, "कितव्या महिन्यात गं?" आजी म्हणाल्या, "तारीख दिसतेय ना कोपऱ्यात? पाळणा ऐका आता."

मैत्रिणींनो, पाळणा म्हणणारी आजी घरात असेल तर व्हिडिओ कधी करायचा ते नंतर ठरवा, आवाज याच आठवड्यात घेऊन ठेवा.