कार्डाचे अंक बरोबर, तरी यूपीआय पिन सेट होईना

मागच्या रविवारी कळंब्याला मावशीकडे गेलेलो. चहा यायच्या आधी मोबाइल हातात आला. "बघ की रे, तीनदा टाकलं. कार्डाची माहिती चुकीची म्हणतंय. कार्डावर बघूनच टाकलंय की!"

आधी मी नेहमीच्या दोन चुका तपासल्या. ॲपला कार्डाचे शेवटचे सहा अंक लागतात. आकडे चार-चारच्या गटात छापलेले असतात, म्हणून सहा म्हटलं की गोंधळ होतो. शेवटचा पूर्ण गट आणि त्याच्या आधीच्या गटातले शेवटचे दोन, असे ते सहा. दुसरं म्हणजे तारीख. काही कार्डांवर VALID FROM आणि VALID THRU अशा दोन तारखा असतात. आपल्याला THRU वालीच हवी, आधी महिना, मग वर्षाचे शेवटचे दोन अंक.

मावशीचं दोन्ही बरोबर होतं.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या. हे अंक ॲप तपासत नाही. ते एनपीसीआयमार्फत तुमच्या बँकेकडे जातात, आणि बँक बघते की हे कार्ड या खात्याचं आहे का, आणि चालू आहे का. यातलं काहीही बिनसलं तरी स्क्रीनवर बऱ्याचदा तोच मेसेज येतो. (आम्ही सॉफ्टवेअरवाले एरर मेसेज लिहिण्यात जरा आळशीच!) म्हणजे "माहिती चुकीची" याचा अर्थ तुमचं टायपिंग चुकलं असाच नसतो.

मी विचारलं, "मावशी, हे कार्ड एटीएममध्ये कधी वापरलंस?" कपाटातून पाकीट आलं. जुन्याची मुदत संपली म्हणून बँकेनं नवं पाठवलेलं, आणि ते एकदाही वापरलं नव्हतं. त्याचा एटीएम पिनच बनवलेला नव्हता!

आम्ही तिच्याच बँकेच्या एटीएमवर गेलो. रजिस्टर नंबरवर ओटीपी आला, पिन बनवला, बॅलन्स बघितला. मग ॲपमध्ये तेच सहा अंक, तीच तारीख टाकली. झालं.

तुमच्याकडे असं झालं तर हीच परीक्षा करा. एटीएमनं कार्ड नाकारलं तर दोष कार्डात आहे, बँकेत जा. स्वीकारलं, तर ॲपमध्ये निवडलेलं खातं याच कार्डाचं आहे का ते बघा. एका बँकेत दोन खाती असली की इथेच फसतं. आणि सारखं सारखं टाकत बसू नका, बँक काही काळ अडवून ठेवते. आधारला आणि खात्याला एकच मोबाइल नंबर असेल, तर बऱ्याच बँकांत कार्डाशिवाय आधार ओटीपीनंही पिन बनतो.

परत येताना मावशी हळूच म्हणाली, "काल गुगलवरून कस्टमर केअरचा नंबर काढलेला. त्यानं कार्डाचे अंक आणि ओटीपी मागितला."

"दिलास?"

"अंक दिले. ओटीपी यायच्या आधी रेंज गेली."

आम्ही गाडी वळवली आणि बँकेच्या अधिकृत हेल्पलाइनवरून ते कोरं कार्ड ब्लॉक केलं. आता आणखी एक पाकीट यायचंय.