‘आय अ‍ॅम अग्री’ बरोबर की चूक?



आज एका छोट्या इंग्रजी वाक्याबद्दल बोलणार आहे. ‘आय अ‍ॅम अग्री विथ यू.’ मुलाखतीत, गटचर्चेत, कचेरीतल्या बैठकीत हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. बोलणाऱ्याला काय म्हणायचंय ते समोरच्याला कळतं, काम अडत नाही, म्हणून कुणी टोकतही नाही. पण हे वाक्य चूक आहे. ‘आय अग्री विथ यू’ एवढंच म्हणायचं. मधला ‘अ‍ॅम’ तिथे बसत नाही. का बसत नाही, ते आज नीट पाहू. कारण कळलं की मग पाठांतराची गरज राहत नाही.

आपण मराठीत म्हणतो, ‘मी तुमच्याशी सहमत आहे.’ यातला ‘सहमत’ हा शब्द क्रियापद नाही, विशेषण आहे. ‘मी तुमच्याशी सहमत’ एवढंच म्हटलं तर वाक्य लटकतं, ते पुरं करायला ‘आहे’ लागतं. इंग्रजीतला ‘अग्री’ मात्र विशेषण नाही, तो स्वतःच क्रियापद आहे. ‘सहमत असणे’ हा सगळा अर्थ, त्यातल्या ‘असणे’सकट, त्या एका शब्दात भरलेला आहे. त्यामुळे ‘आय अ‍ॅम अग्री’ म्हणताना आपण ‘असणे’ दोनदा घालतो.

आता कुणी विचारेल, अग्री क्रियापद आहे हे ओळखायचं कसं? शब्दकोशात पाहता येईलच. पण परीक्षेला बसल्यावर किंवा कुणाशी बोलताना शब्दकोश हाताशी नसतो. तेव्हा शब्दालाच थोडं हलवून बघायचं. ‘ती’साठी वाक्य करा: ‘शी अग्रीज.’ शेवटी ‘ज’ लागला. भूतकाळ करा: ‘शी अग्रीड.’ शेवटी ‘ड’ लागला. हेच ‘शुअर’ या शब्दाला करून बघा. ‘शी शुअर्स’, ‘शी शुअर्ड’ असं कुणी म्हणत नाही, कारण शुअर विशेषण आहे. म्हणून तिथे ‘आय अ‍ॅम शुअर’ बरोबर. उलट बाजूनेही तपासता येतं. विशेषणामागे ‘व्हेरी’ सहज लागतो: ‘व्हेरी शुअर’, ‘व्हेरी हॅपी’. ‘व्हेरी अग्री’ मात्र कानाला खटकतं. जोर द्यायचा असेल तर ‘आय फुली अग्री’ किंवा ‘आय कम्प्लीटली अग्री’ म्हणतात. अर्थात प्रत्येक विशेषणाला ‘व्हेरी’ चालत नाही, त्यामुळे ही दुसरी कसोटी जोडीला ठेवावी, भरवसा पहिलीवर.

‘अ‍ॅम’च्या पुढे काय काय येऊ शकतं? नाम येतं: ‘आय अ‍ॅम अ टीचर.’ विशेषण येतं: ‘आय अ‍ॅम रेडी.’ ठिकाण येतं: ‘आय अ‍ॅम अ‍ॅट होम.’ क्रियापदही येतं, पण रूप बदलून: ‘आय अ‍ॅम गोइंग’ किंवा ‘आय अ‍ॅम इन्व्हाइटेड’. क्रियापदाचं मूळ रूप तसंच उचलून ‘अ‍ॅम’पुढे ठेवता येत नाही. ‘आय अ‍ॅम गो’ हे चूक आहे हे शाळेतल्या मुलालाही कळतं. मग ‘आय अ‍ॅम अग्री’ कानाला का खटकत नाही? मला वाटतं, याचं कारण असं की जाणं, खाणं, लिहिणं या क्रिया डोळ्यांना दिसतात. सहमत होण्यात हालचाल काहीच नाही, ती मनाची अवस्था आहे, आणि अवस्था म्हटली की आपल्या जिभेवर ‘आहे’ येतंच. हिंदीतही ‘मैं सहमत हूँ’ असंच आहे. स्पॅनिश आणि फ्रेंचमध्येही ही गोष्ट ‘असणे’ या क्रियापदाने सांगतात. म्हणून स्पॅनिशभाषक माणूस इंग्रजी शिकतो तेव्हा तोही नेमका हाच ‘अ‍ॅम’ घालतो. तेव्हा ही चूक आपल्या एकट्याची नाही, आणि ती अज्ञानाचीही नाही. आपल्या भाषेचा साचा दुसऱ्या भाषेवर बसवल्यामुळे ती होते.

मात्र ती एका वाक्यावर थांबत नाही. ‘अ‍ॅम’ एकदा शिरला की प्रश्नातही येतो आणि नकारातही येतो. एक उदाहरण घेऊ. एका तरुणाला नोकरीचं पत्र आलं. अटी पसंत आहेत, पण रुजू व्हायची तारीख सोयीची नाही. तो उत्तर लिहितो: ‘आय अ‍ॅम अग्री विथ द टर्म्स, बट आय अ‍ॅम नॉट अग्री विथ द जॉइनिंग डेट. आर यू अग्री टू चेंज इट?’ तीन वाक्यं आणि तिन्हींत तीच चूक. ती दुरुस्त कशी करायची? इंग्रजीत साध्या क्रियापदाचा नकार आणि प्रश्न ‘डू’च्या मदतीने होतो. ‘आय गो’, ‘आय डोन्ट गो’, ‘डू यू गो?’ तसंच ‘आय अग्री’, ‘आय डोन्ट अग्री’, ‘डू यू अग्री?’ त्यामुळे ‘डू यू अग्री?’ असं कुणी विचारलं तर उत्तर ‘येस, आय डू’ असं द्यायचं. ‘येस, आय अ‍ॅम’ नाही.

त्या पत्रात आणखी एक गोष्ट सुधारायला हवी. माणसाशी किंवा त्याच्या मताशी सहमत असलो तर ‘अग्री विथ’. कुणी पुढे ठेवलेली अट किंवा प्रस्ताव मान्य करायचा तर ‘अग्री टू’. म्हणून पत्र असं होईल: ‘आय अग्री टू द टर्म्स, बट आय कॅनॉट अग्री टू द जॉइनिंग डेट.’ आणि तारीख बदलायची विनंती ‘कुड यू प्लीज चेंज इट?’ अशी करावी. ती जास्त सभ्य वाटते.

आता ऐकताना गोंधळ होतो अशी एक जागा. इंग्रजी बैठकीच्या शेवटी अध्यक्ष विचारतात, ‘आर वी अग्रीड?’ आणि इतिवृत्तात लिहिलं जातं, ‘इट वॉज अग्रीड दॅट...’ हे दोन्ही अगदी बरोबर आहे. इथे ‘अग्रीड’ आहे, शेवटी ‘ड’ आहे, आणि अर्थ ‘आपलं सर्वांचं ठरलं’, ‘असं ठरलं’ असा आहे. बोलताना तो ‘ड’ इतका हलका येतो की ऐकणाऱ्याला ‘आर वी अग्री’ असंच ऐकू येतं, आणि चुकीला जणू पुरावा मिळतो. ‘आय अ‍ॅम इन अग्रीमेंट विथ यू’ हेही बरोबर; ‘अग्रीमेंट’ नाम आहे आणि त्याआधी ‘इन’ आहे. पण हे वाक्य जरा औपचारिक, सरकारी पत्रात शोभणारं. रोजच्या बोलण्यात त्याची गरज पडत नाही. काही जण ‘आय अ‍ॅम अग्रीइंग विथ यू’ म्हणून वाट काढतात. व्याकरणाचा सांगाडा त्यात जमतो, पण मत सांगताना ते रूप सहसा वापरत नाहीत. मत ही त्या क्षणी चाललेली क्रिया नसते, म्हणून साधा वर्तमानकाळच हवा.

इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. ‘अग्री’ हा शब्द मुलांना ‘सहमत’ एवढ्या अर्थाने देऊ नका, ‘सहमत असणे’ असा पुरा अर्थ द्या. आणि त्याच तासाला फळ्यावर चार वाक्यं एकाखाली एक लिहा: आय अग्री, शी अग्रीज, आय डोन्ट अग्री, डू यू अग्री? मुलांकडून ती मोठ्याने म्हणवून घ्या.