परतीचे भाषांतर आणि यंत्राची साक्ष



भाषाशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. आम्ही नागपुरातील गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढलो. शाळा नववीतच सुटली आणि पुढचे शिक्षण नोटिसा वाचता वाचता व त्यांना उत्तरे लिहिता लिहिता झाले. आजच्या विषयाकडेही आम्हांला एका नोटिशीनेच ओढून नेले.

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका तरुण कामगाराला 'कारणे दाखवा' नोटीस आली. नोटीस इंग्रजीत होती. या मुलाने आपला खुलासा वहीत मराठीत लिहिला, मोबाइलवर त्याचे इंग्रजी करून घेतले आणि सही करून दिला. चौकशीच्या दिवशी व्यवस्थापनाच्या प्रतिनिधीने एक छापील कागद पुढे केला. हा खुलासा माणसाने नव्हे, यंत्राने लिहिला आहे असा एका तपासणी यंत्राचा निर्वाळा त्यावर होता. सबब त्यातली हकीकत बनावट, असे त्यांचे म्हणणे. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि ही तपासणी यंत्रे पाहतात तरी काय, ते समजून घ्यायला बसलो.

समजा, एखादा वक्ता उठून म्हणाला, "आता मी आपल्यापुढे दोन..." की पुढचा शब्द 'शब्द' हाच येणार, हे आपण सगळे ओळखतो. लेखनयंत्र नेमके हेच करते. मागचे शब्द पाहून पुढे कोणता शब्द येणे अधिक संभवनीय, याचा ते हिशेब मांडते आणि बहुधा वरच्या क्रमांकाचे शब्द उचलते. तपासणी यंत्रांपैकी बरीचशी हाच हिशेब उलटा करतात. ओळीमागून ओळ अपेक्षित शब्दच येत गेले, तर लेखन यंत्राचे. मधूनमधून अनपेक्षित शब्द आले, तर माणसाचे. लेखकाला ते ओळखत नाहीत, हकीकतीशी त्यांना कर्तव्य नाही. त्यांच्यापुढे असते ती फक्त शब्दांची निवड.

आता हीच निवड कोणी बदलून टाकली तर? आम्ही प्रयोग केला. एका कार्यकर्त्याची कन्या महाविद्यालयात आहे. तिने लेखनयंत्राकडून इंग्रजीत हजेरीविषयीचे एक पानभर सूचनापत्रक लिहवून घेतले. तपासणी यंत्राने ते बरोबर पकडले. मग तिने तेच पत्रक भाषांतरयंत्रातून मराठीत नेले आणि मराठीतून पुन्हा इंग्रजीत आणले. आम्ही याला परतीचे भाषांतर म्हणतो. जाऊन आलेले पत्रक त्याच यंत्राने 'बहुधा माणसाचे' म्हणून सोडून दिले. वास्तविक, पहिल्या पत्रकावर एका यंत्राचा हात होता, दुसऱ्यावर दोन यंत्रांचा!

हे कसे घडले, ते एका वाक्यावरून दिसते. मूळ पत्रकात 'प्रॉम्प्ट अटेंडन्स' हा 'पिव्हटल रोल' बजावतो, असे होते. मराठीत त्याची 'वेळेवर हजेरी' आणि 'महत्त्वाची भूमिका' झाली. परत येताना 'अटेंडन्स ऑन टाइम' आणि 'इम्पॉर्टंट रोल' असे शब्द आले. अर्थ तोच राहिला, पण 'पिव्हटल' मराठीच्या वेशीवरच गळून पडला. इंग्रजीतील 'अ' आणि 'द' ही उपपदे मराठीत नाहीतच. ती जाताना पुसली जातात आणि परतताना नव्याने अंदाजाने बसवली जातात. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे लांब वाक्य तुटते किंवा त्याचे तुकडे जागा बदलतात. भाषांतरयंत्रही संभवनीय शब्दच निवडते, परंतु ते समोरच्या मराठी वाक्याला बांधलेले असते. म्हणून त्याची निवड लेखनयंत्राच्या पहिल्या पसंतीशी पदोपदी जुळत नाही, आणि उलटा हिशेब चुकतो.

कोणी म्हणेल, यंत्राच्या लेखनावर आधीच छुपा शिक्का मारून ठेवावा. तसाही उपाय निघालेला आहे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली मांडलेली रीत अशी : प्रत्येक शब्दाच्या वेळी, मागच्या शब्दावरून एका गुप्त नियमाने सारा शब्दसंग्रह दोन भागांत वाटायचा, आणि यंत्राने शक्यतो एका भागातले, त्यांना 'हिरवे' म्हणू, शब्द घ्यायचे. वाटणी निम्मी-निम्मी असेल, तर साध्या माणसाच्या दोनशे शब्दांत सुमारे शंभर हिरवे निघतील. दीडशे निघाले, तर तो योगायोग नव्हे. डोळ्यांना काही दिसत नाही. मोजणाऱ्याला मात्र दिसते. पण परतीच्या भाषांतरात शब्द बदलतो आणि त्याच्या मागचा शब्दही बदलतो. भाषांतरयंत्राला तो गुप्त नियम ठाऊक नाही. मग दीडशेचे हिरवे पुन्हा शंभराकडे घसरतात. गूगलने २०२४ साली आपली शिक्क्याची पद्धत खुली केली, तेव्हा लेखन दुसऱ्या भाषेत नेल्यास खात्री बरीच घटते, हे तिने स्वतःच सांगून टाकले.

यावरून परतीचे भाषांतर म्हणजे हमखास पळवाट, असे मात्र समजू नये. मूळ लेखन इतके ठोकळेबाज असेल की भाषांतरालाही दुसरा शब्द सुचू नये, तर ते परतल्यावरही पकडले जाते. काही तपासणी यंत्रांना भाषांतरित मजकुराचेही नमुने शिकवलेले असतात. आणि आम्हांला खरा काच जाणवला तो उलट बाजूचा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा परीक्षार्थींचे ९१ निबंध सात तपासणी यंत्रांना दिले. निबंध माणसांचे होते. तरी सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरले. शिकलेल्या भाषेत माणूस बेताचे, सरळ शब्द वापरतो, आणि बेताचा शब्द म्हणजेच अपेक्षित शब्द.

आता त्या मुलाचा खुलासा पाहा. वहीत त्याने लिहिले होते : "मुकादम म्हणाले, आपण सगळे मिळून बोलू. म्हणून पाळी सुटल्यावर आम्ही थांबलो. खाडा धरू नये." इंग्रजीत 'आपण' आणि 'आम्ही' या दोहोंचा 'वुई' झाला. ते इंग्रजी आम्ही परत मराठीत आणून पाहिले, तेव्हा मुकादम म्हणू लागले, "आम्ही सर्वजण एकत्र बोलू." म्हणजे कामगार त्या बोलण्यातून बाहेर! 'थांबलो' याचे 'वाट पाहिली' झाले. 'खाडा' या शब्दात दिवसही जातो आणि मजुरीही जाते. त्याची नुसती 'अनुपस्थिती' उरली. सगळा वाद मुकादमांनी कामगारांना थांबवून घेतले की काय, एवढ्यावरच होता, आणि तो धागाच इंग्रजीत तुटलेला होता.

तपासणी यंत्र एका अर्थी खोटे बोलत नव्हते. इंग्रजी शब्द यंत्राचेच होते. पण हकीकत मुलाची होती, आणि निर्वाळ्याच्या कागदावर हा भेद करायला रकानाच नव्हता.

पुढच्या तारखेला आम्ही वही हजर केली. खोडाखोड तशीच होती. एका ठिकाणी 'साहेब' खोडून 'मुकादम' केले होते. त्या जोडीला आमच्या प्रयोगातली दोन्ही पत्रके आणि त्यांवरचे दोन्ही निर्वाळे ठेवले. मुलाला वाक्यावाक्यावर तोंडी प्रश्न विचारावेत, अशी विनंती केली. चौकशी अधिकाऱ्यांनी तासभर विचारले. कोण कुठे उभे होते, किती वाजले होते, मुकादम नेमके काय म्हणाले, हे त्याने न अडखळता सांगितले. 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक अधिकाऱ्यांना समजावून सांगावा लागला नाही. ते वर्ध्याकडचेच होते. त्यांनी तो छापील कागद पुराव्यातून वगळला आणि मुकादमांना साक्षीला बोलावले. त्या एका दिवसाच्या खाड्याचा निकाल अजून व्हायचा आहे.