एक कळ, एक संदेश: रिमोटला शिकवणे आणि टीव्हीवर लिहिणे

या टेबलावर तीन वस्तू ठेवल्या आहेत. टीव्हीचा जुना रिमोट, केबलच्या सेट-टॉप बॉक्सचा रिमोट आणि माझा फोन. आजचे बोलणे या तिघांभोवतीच फिरणार आहे.

टीव्ही दुरुस्तीच्या निमित्ताने मी रोज तीन-चार घरांत जातो. गेल्या महिन्यात एका आजींनी बोलावले, टीव्ही बिघडला म्हणून. टीव्ही ठणठणीत होता. तो चालू करायला एक रिमोट, चॅनेल बदलायला दुसरा, आणि नातवाने लावून दिलेल्या स्टिकला तिसरा. आजींना अंधुक दिसते. चुकीचा रिमोट हातात आला की काहीच होत नाही, म्हणून त्यांनी टीव्ही लावणेच सोडले होते. “एकाने भागणार नाही का रे?” त्यांनी विचारले. दोनांवर आणता येईल, असे मी म्हणालो, आणि त्यासाठी बाजारातून काही आणावे लागले नाही.

सेट-टॉप बॉक्सच्या पुष्कळ रिमोटवर एका कोपऱ्यात चौकट आखलेली असते. तिच्यात चार-पाच कळा असतात: टीव्हीचे पॉवर, सोर्स, आवाज कमी, आवाज जास्त आणि एक ‘सेट’. त्या दाबून काही होत नाही म्हणून लोक त्यांना बिघडलेल्या समजतात. त्या बिघडलेल्या नाहीत, कोऱ्या आहेत. त्यांना अजून कोणी शिकवलेले नाही.

शिकवायचे म्हणजे काय, हे कळण्यासाठी रिमोट नेमके काय पाठवतो ते पाहू. मी फोनचा पुढचा कॅमेरा चालू करतो, सेल्फीचा. मागच्या कॅमेऱ्यावर बऱ्याचदा रिमोटचा प्रकाश अडवणारी काच असते. रिमोटचे तोंड कॅमेऱ्याकडे करून कळ दाबतो. पुढच्या रांगेतल्यांना दिसले असेल, रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिपका लुकलुकला. डोळ्यांना न दिसणारा हा अवरक्त प्रकाश आहे. तो बहुधा सेकंदाला ३८,००० वेळा उघडझाप करतो, त्यामुळे टीव्हीला तो खोलीतल्या दिव्याच्या प्रकाशातून वेगळा काढता येतो. त्या उघडझापीचे लांब-आखूड तुकडे म्हणजे संदेश. खूप वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत असतो, मग साडेचार मिलिसेकंदांची शांतता आणि नंतर ३२ शून्य-एक. त्यांत यंत्राचा क्रमांक असतो, कळेचा क्रमांक असतो, आणि दोन्ही उलट करून पुन्हा पाठवलेले असतात, म्हणजे मध्ये काही गाळले गेले तर टीव्हीला ते कळते.

शिकणारा रिमोट यातले काहीही समजून घेत नाही. तो फक्त हा ताल ऐकतो, साठवतो आणि तसाच म्हणून दाखवतो. इतके ध्यानात ठेवले की पुढच्या सगळ्या अडचणींची कारणे आपोआप सापडतात.

आजींकडे मी केले ते असे. आधी दोन्ही रिमोटमधले सेल बदलले, कारण मरगळलेल्या सेलवर जुना रिमोट दुबळा झोत सोडतो आणि नवा तो अर्धवट टिपतो. मग खिडकीतल्या उन्हापासून दूर, मेजावर दोन्ही रिमोट समोरासमोर तोंड करून ठेवले, मध्ये साधारण तीन बोटे अंतर. ‘सेट’ दाबून धरले. लाल दिवा लागला आणि लागलेलाच राहिला, तेव्हा सोडले. कोरी पॉवर कळ एकदा दाबली. मग जुन्या रिमोटची पॉवर कळ दाबली. लाल दिवा दोन-तीनदा लुकलुकला. ही शिकल्याची खूण. तसेच आवाजाच्या दोन्ही कळांचे आणि सोर्सचे केले आणि शेवटी ‘सेट’ पुन्हा दाबून बाहेर आलो. कळांचा क्रम आणि दिव्याची खूण कंपनीगणिक थोडी बदलते, पण रीत हीच.

दिवा लुकलुकला पण टीव्ही दाद देत नाही, असे होते तेव्हा दोन कारणे नेहमीची. एक म्हणजे जुनी कळ ओझरती दाबली गेली आणि ताल अपुरा टिपला गेला. दुसरे उलटे: कळ फार वेळ धरली. वर सांगितलेल्या पद्धतीत कळ धरून ठेवली की पूर्ण संदेश एकदाच जातो, आणि नंतर दर ११० मिलिसेकंदांच्या आसपास ‘तेच, तेच’ एवढाच छोटा इशारा जात राहतो. शिकणाऱ्याने तो इशाराच टिपला तर त्याच्याकडे कळेचे नाव नसते. एका सेकंदाच्या आत ठाम दाबून सोडावे.

तिसरी अडचण मला फार दिवस छळत होती. एका घरात शिकवलेल्या रिमोटवरून ११ नंबर लागेना. १२ लागायचा, २१ लागायचा, पण ११ म्हटले की १ वर थांबायचा. कारण जुन्या पद्धतीत सापडले. फिलिप्सने आणलेल्या आणि युरोपीय बनावटीच्या संचांत रुळलेल्या आरसी-५ पद्धतीत प्रत्येक नव्या दाबाला संदेशातला एक शून्य-एक आलटून पालटून बदलतो. त्यावरून टीव्हीला कळते की कळ धरलेली आहे की सोडून पुन्हा दाबली आहे. नकलेत मात्र तो एकाच स्थितीत गोठलेला असतो. टीव्हीला वाटते, १ अजून धरलेलाच आहे. आवाजाच्या कळांना याचा त्रास फारसा जाणवत नाही, कारण त्या आपण धरूनच ठेवतो. आकड्यांच्या कळा मात्र अशा टीव्हीसाठी शिकवू नयेत. तिथे कोड टाकून चालणारा रिमोट घ्यावा. त्याला पद्धत मुळातून माहीत असते. कोड माहीत नसेल तर त्यातली शोधाची सोय वापरावी: रिमोट एकेक कोड पाठवत जातो आणि टीव्ही बंद झाला की त्या क्षणी थांबायचे. हात जरा रेंगाळला तर खरा कोड मागे पडतो.

आता आजींचा तिसरा रिमोट, स्टिकचा. त्याच्या बाणांच्या कळा कॅमेऱ्यासमोर दाबल्या तर ठिपका दिसलाच नाही. या कळा ब्लूटूथवर चालतात. तिथे रेडिओ लहरी आहेत आणि रिमोटची स्टिकशी जोडणी झालेली असते, त्यामुळे नक्कल करायला प्रकाशाचा तालच उरत नाही. फायर टीव्ही स्टिकच्या आवाजी रिमोटवर टीव्हीचे पॉवर आणि आवाज अवरक्त प्रकाशाने जातात, बाकी सारे ब्लूटूथने. म्हणून एखादी कळ शिकत नसेल तर तासभर झटापट करण्याआधी कॅमेरा लावून बघा. ठिपका नसेल तर तो रिमोट वेगळाच ठेवावा लागेल. आजींचे तीनाचे दोन झाले ते यामुळे.

तर आता उरलेल्या दुसऱ्या रिमोटकडे, म्हणजे स्टिकच्या रिमोटकडे आणि त्यावरून लिहिण्याकडे येऊ. आजींना ‘नटसम्राट’ बघायचा होता आणि शोधाच्या चौकटीत लिहिणे त्यांच्या जिवावर यायचे. हे संथ का होते? फोनवर आपण हव्या त्या अक्षरावर थेट बोट ठेवतो. रिमोटवर मात्र एक दाब म्हणजे एक घर. म्हणून वेळ ठरतो तो अक्षरांच्या संख्येवर नव्हे, अक्षरांमधल्या अंतरावर.

मोजून पाहू. काही अॅपमध्ये a पासून ओळीने सहा-सहा अक्षरांचा चौकोन असतो. a वर उभे राहून natsamrat लिहायचे. n साठी दोन खाली, एक उजवीकडे आणि ओके, म्हणजे चार दाब. परत a ला चार. तिथून t ला पाच. असे सगळे मिळून ४१ दाब होतात. आता हाच शब्द टाइपरायटरच्या मांडणीत, q वरून सुरुवात करून लिहिला तर मी मोजले तेव्हा ५३ आले. ती मांडणी दहा बोटांसाठी आहे. रिमोटवर अंगठा एकच, आणि a पासून m पर्यंत एवढी आडवी रपेट पुन्हा पुन्हा करावी लागते. कीबोर्ड निवडता येत असेल तर निव्वळ सवयीपोटी टाइपरायटरचा निवडू नका.

त्याच चौकोनात m नंतर r आला की पाच घरे उजवीकडे जावे लागते आणि r वरून a ला परतताना पुन्हा पाच. काही कीबोर्डांवर मात्र m वर डावा बाण दाबला की फिरून थेट r वर येते. तसे असेल तर या दोन ठिकाणी चार-चार दाब वाचतात आणि ४१ चे ३३ होतात. काही ठिकाणी मात्र डाव्या बाणाने मेनू उघडतो. आपल्या टीव्हीवर काय होते ते एकदा दाबून बघायचे आणि लक्षात ठेवायचे. बाण धरून ठेवण्याचा मोह टाळावा. निवड हव्या त्या घरापुढे पळते आणि परत फिरण्यात वेळ जातो.

फायर टीव्हीच्या कीबोर्डवर आणखी एक सोय आहे, जिच्याकडे फार कमी लोक बघतात. रिवाइंडच्या कळेने मागचे अक्षर पुसले जाते, फॉरवर्डने जागा सुटते आणि प्ले-पॉजने पुढे जाता येते. एक अक्षर चुकले की पुसण्याच्या घरापर्यंतची सगळी वाट वाचते.

मोठा पासवर्ड मात्र रिमोटने लिहूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अॅपच्या पहिल्या पानावर फोनवरून लॉगिन करण्याचा पर्याय असतो. टीव्ही एक पत्ता आणि छोटा कोड दाखवतो: नेटफ्लिक्ससाठी netflix.com/tv8, यूट्यूबसाठी yt.be/activate, प्राइम व्हिडिओसाठी primevideo.com/mytv. फोनच्या ब्राउझरमध्ये पत्त्याच्या जागी हा पत्ता अक्षर न अक्षर टाकायचा आणि कोड द्यायचा. शोध करून वर आलेल्या दुव्यावर जाऊ नका. अॅक्टिवेशनच्या नावाने पैसे मागणारी खोटी पाने तिथे दबा धरून असतात, आणि खरे पान या कामाचे पैसे मागत नाही. कोड थोड्या वेळात बाद होतो. झाला तर टीव्हीवरून नवा घ्यायचा.

बाकीच्या लिखाणासाठी फोनच कीबोर्ड होतो. अँड्रॉइड टीव्ही असेल तर फोनवर गूगल टीव्ही अॅपमधला रिमोट उघडायचा, टीव्हीवर दिसणारा सहा अक्षरी कोड फोनवर टाकायचा, आणि पुढे कीबोर्डच्या खुणेवर बोट ठेवून लिहायचे. फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत. टीव्ही यादीत दिसत नसेल तर बहुधा फोन मोबाइल डेटावर असतो किंवा पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर. आणि अशा कीबोर्डवरून पासवर्ड द्यावाच लागला तर आधी डोळ्याच्या खुणेवर दाबून तो वाचा; फोन कधीकधी पहिले अक्षर आपोआप मोठे करतो आणि शेवटी जागा सोडतो, मग बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो.

आजी स्मार्टफोन वापरत नाहीत. त्यांच्यासाठी मी पूर्ण नाव लिहिण्याचा नाद सोडला. n, a, t एवढी तीन अक्षरे, १३ दाब, आणि त्यांच्या टीव्हीवर उजवीकडे सिनेमाचे नाव येते. एका जाड पुठ्ठ्यावर स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले: दोन खाली, एक उजवीकडे, ओके, दोन वर, एक डावीकडे, ओके, तीन खाली, एक उजवीकडे, ओके. तो पुठ्ठा आता टीव्हीच्या शेजारी टेकवलेला असतो. परवा गेलो तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला नातवाच्या अक्षरात आणखी दोन सिनेमांची अशीच पावले लिहिलेली होती.