मयसभेत दुर्योधन काय पाहतो?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



कथनाचा दृष्टिकोन शिकवायचा म्हटला की आपण फळ्यावर लिहितो : प्रथमपुरुषी, तृतीयपुरुषी, सर्वज्ञ निवेदक. मुलं ते वहीत उतरवतात, परीक्षेत लिहितात आणि मार्क मिळवतात. पण कथा लिहायला बसली की त्यांची सगळी पात्रं एकाच डोळ्याने बघतात. यावर मला उपयोगी पडलेला उपाय जुनाच आहे : गोष्टीतला कळीचा प्रसंग खलपात्राच्या बाजूने पुन्हा लिहायला लावायचा. तो कसा, हे मी आज एकाच प्रसंगावरून सांगणार आहे. प्रसंग सभापर्वातला, मयसभेचा.

हाच प्रसंग निवडण्याचं कारण असं, की हा व्यायाम खुद्द महाभारतातच करून ठेवलेला आहे. एकच घटना तिथे पुन्हा पुन्हा सांगितली जाते आणि दर वेळी ती वेगळी होते. मी पुण्याच्या भांडारकर संस्थेची संशोधित आवृत्ती समोर ठेवून बोलतो आहे. तुमच्यापैकी अनेकांना द्रौपदीचं ते ‘आंधळ्याचा मुलगा’ वाक्य आठवत असेल. ते या आवृत्तीत नाही, त्यामुळे तूर्त बाजूला ठेवा.

आधी निवेदकाची हकिकत पाहू. राजसूय यज्ञ संपला आहे, कृष्ण द्वारकेला गेला आहे, आणि पाहुण्यांपैकी दुर्योधन व शकुनी एवढेच मागे राहिले आहेत. दोघं सावकाश सभा बघत फिरतात. स्फटिकाची जमीन दुर्योधनाला पाणी वाटते आणि तो वस्त्र वर धरतो. पुढे खरं पाणी जमीन वाटतं आणि तो कपड्यांसकट पडतो. सेवक हसतात, राजाज्ञेने कोरडी वस्त्रं देतात. भीम, अर्जुन, नकुल, सहदेव हसतात. दुर्योधन चेहऱ्यावर काही दिसू देत नाही आणि त्यांच्याकडे बघतही नाही. इथे द्रौपदीचा उल्लेख नाही. हे सांगतो वैशंपायन आणि ऐकतो जनमेजय, म्हणजे अर्जुनाचा पणतू. जिंकलेल्यांच्या घरात बसून सांगितलेली ही हकिकत आहे, हे मुलांना एकदा सांगून ठेवावं.

आता दुर्योधनाची हकिकत. हस्तिनापुरात परतल्यावर द्यूताला परवानगी मिळवण्यासाठी तो धृतराष्ट्राला एकांतात सगळं सांगतो. घटना त्याच, पण माणसं वाढली आहेत. कृष्ण अर्जुनासह मोठ्याने हसला, म्हणतो. द्रौपदी इतर स्त्रियांसह हसली, म्हणतो. कृष्ण तर द्वारकेला गेलेला! कोरडी वस्त्रं मिळाली त्याचं दुःख पडण्याहून जास्त झालं, असंही सांगतो. मग दार नसलेल्या दारावर कपाळ आपटलं, जुळ्या भावांनी हळहळत सावरलं, आणि सहदेव पुन्हा पुन्हा सांगत राहिला की राजा, दार इकडे आहे. निवेदकाने ज्याला फक्त हसणाऱ्यांत मोजलं, तो इथे वाट दाखवतो आहे, आणि तेच लागलेलं आहे.

वर्गात मी आधी फक्त निवेदकाची हकिकत वाचून दाखवतो. दुर्योधनाची लपवून ठेवतो. फळ्यावर न बदलणाऱ्या घटना लिहितो : वस्त्र उचललं, पाण्यात पडला, हसणं झालं, कोरडी वस्त्रं आली. यांपैकी एकही गाळायची नाही. मग विचारायचं, दुर्योधनाला काय ठाऊक नाही? वस्त्रं पाठवली त्यामागे युधिष्ठिराचा शिष्टाचार होता की टोमणा, हे त्याला कळायला मार्ग नाही. आणि त्याने वर पाहिलंच नाही, म्हणजे कोण हसलं हे तो कानांनी ओळखतो. हे मुलांच्या लक्षात आलं की अर्धं काम झालं.

पहिल्या खर्ड्यात बहुतेक असं येतं :

‘मला पांडवांचा मत्सर वाटत होता. मी पाण्याला जमीन समजलो आणि पडलो. भीम मला हसला. मला खूप राग आला व मी सूड घ्यायचं ठरवलं.’

यात ‘मी’च्या जागी ‘तो’ घाला. व्याकरण सोडून काहीच बदलावं लागत नाही, म्हणजे दृष्टिकोन अजून निवेदकाचाच आहे. ‘मत्सर’ हा शब्दही त्याच्याविषयी इतरांनी वापरलेला. राजसूयाच्या वेळी आलेले नजराणे स्वीकारण्याचं काम दुर्योधनाकडेच होतं. स्वीकारता स्वीकारता हात थकले, असं तो बापाला सांगतो. ते वैभव त्याच्या हातांतून गेलं आहे. अशा माणसाला मत्सर वाटत नाही, अन्याय वाटतो.

दुसरी चूक याच्या उलट. हुशार मुलं करतात. दुर्योधन एकदम बिचारा होतो आणि पांडव दुष्ट. खलनायकाची जागा बदलली, दृष्टी तीच राहिली. अशा मुलाला मी एकच काम देतो : समर्थनाची सगळी वाक्यं खोड आणि उरलेल्यात तो पाऊल टाकताना काय बघतो तेवढं भर. त्यातून असा काहीसा परिच्छेद निघू शकतो :

‘समोर कमळं होती. कमळं दगडातही कोरतात. मघाशी मी वस्त्र सावरलं तेव्हा मागे कुणीतरी हसलं होतं. आता सावरायचं नाही. पाऊल टाकलं. हसणं वरून आलं. पहिला आवाज भीमाचा. मामा हसले नाहीत. मग कोरडी वस्त्रं आली, माझ्या वस्त्रांपेक्षा तलम. नेसावी लागली.’

इथे ‘तो’ घालून बघा. पहिलं हसू आणि दुसरी चूक यांचा जो कार्यकारणभाव त्याच्या डोक्यात आहे, तो मुळातल्या निवेदकाने कुठेच सांगितलेला नाही. ‘मामा’ हा शब्द तर निवेदकाच्या तोंडी येऊच शकत नाही. राग, सूड, मत्सर यांपैकी एकही शब्द नाही, आणि तरी पुढे द्यूत होणार हे कळतं.

यानंतर मी धृतराष्ट्रासमोरची हकिकत वाचून दाखवतो. मुलं लगेच म्हणतात, सर, हा खोटं बोलतोय. बोलत असेलही. मी विचारतो, कुणाला सांगतोय? आंधळ्या बापाला. डोळ्यांनी झालेल्या फसवणुकीची गोष्ट ज्याने काहीच पाहिलेलं नाही त्याला सांगायची आहे, आणि त्याच्याकडून परवानगी काढायची आहे. कृष्ण आणि द्रौपदी या हकिकतीत कशाला लागले, याचं उत्तर तिथे आहे. कदाचित पाण्यात असताना त्याला ते खरोखर ऐकूही आलं असेल. न पाहणाऱ्या माणसाच्या कानांत कुणाचंही हसू शिरू शकतं. दोन्ही शक्यता मी उघड्या ठेवतो. यावर वर्गात भांडण होतं, ते होऊ द्यावं.

एक मर्यादा सांगतो. पुढचा वस्त्रहरणाचा प्रसंग दुःशासनाच्या बाजूने लिहायला मी देत नाही. कोवळ्या वयाची मुलं एकतर त्या कृत्याला सबबी शोधतात, नाहीतर त्यात रंगतात, आणि त्या वर्गात बसलेल्या मुलींना ते वाचून दाखवलं जातं. खलपात्र जिथे स्वतः अडचणीत आहे, तोच प्रसंग या कामाला घ्यावा.

वेळ उरला तर शेवटचं काम. परतीच्या वाटेवर शकुनी विचारतो, सुस्कारे का टाकतोस? दुर्योधन वैभवाबद्दल, शत्रूच्या भाग्याबद्दल पुष्कळ बोलतो, पण सभेतल्या हसण्याबद्दल जेमतेम एक उल्लेख करतो, आणि त्यात हसणारे आहेत फक्त रक्षक. भीम नाही, कृष्ण नाही, द्रौपदी नाही. शकुनी सभेत त्याच्याबरोबरच होता ना! जे मामाने पाहिलं ते मामाला काय सांगायचं? मुलांनी आता हीच घटना तिसऱ्या श्रोत्याला सांगायची : कर्णाला, किंवा घरी भानुमतीला. पान एकच. आणि कोण हसलं, कोण हसलं नाही, ते त्या श्रोत्याकडे बघून ठरवायचं.