चाळीस लाखांची मर्यादा आणि हाती येणारे पैसे

सोलापूरच्या एका टॉवेल कारखानदाराचं खातं आज आपण उघडून पाहू. बँकेनं त्यांना ४० लाखांचं कॅश क्रेडिट मंजूर केलं होतं, पण ३१ लाख उचललेले असतानाच चेक परत गेला. ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "साहेब, माझे अजून नऊ लाख शिल्लक आहेत की!"

शिल्लक नव्हते. मंजूर मर्यादा हा वरचा कठडा असतो. प्रत्यक्षात किती उचलता येईल, ते ड्रॉइंग पॉवर ठरवते आणि ती दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून निघते. दोन्हींत जो आकडा कमी, तेवढीच उचल.

त्यांच्याकडे सूत, मागावरचा माल आणि तयार टॉवेल मिळून ३६ लाखांचा साठा होता. पण त्यातल्या १२ लाखांच्या सुताचे पैसे व्यापाऱ्याला द्यायचे होते. ज्या मालाचे पैसे दिलेले नाहीत, त्यावर बँक कशाला कर्ज देईल? म्हणून ते आधी वजा केले. राहिले २४ लाख. त्यांच्या मंजुरीपत्रात साठ्यावर २५ टक्के मार्जिन होतं. ६ लाख गेले, १८ उरले. इथे क्रम महत्त्वाचा. आधी ३६ वर मार्जिन कापून मग देणी वजा केली, तर १५ लाखच येतात आणि कारखानदाराचं तीन लाखांचं विनाकारण नुकसान होतं. ही चूक मी बँकेतल्या माणसांकडूनही झालेली पाहिली आहे.

आता येणी. एकूण २२ लाख, पण त्यातली ६ लाखांची बिलं ९० दिवसांपेक्षा जुनी. ती त्यांच्या मंजुरीच्या अटींनुसार धरायची नव्हती. उरलेल्या १६ लाखांवर ४० टक्के मार्जिन, म्हणजे ९ लाख ६० हजार हाती. दोन्ही मिळून ड्रॉइंग पॉवर २७ लाख ६० हजार. उचल ३१ लाखांची, म्हणजे खातं ३ लाख ४० हजारांनी वर गेलेलं. सलग ९० दिवसांहून जास्त असंच राहिलं, तर कारखाना धडधडत चालू असला तरी खातं एनपीए होतं.

त्यांनी विचारलं, "सूतवाल्याचे एक लाख देऊन टाकू का?" मी नको म्हटलं. खात्यातून लाख दिले तर उचल लाखानं वाढते, ड्रॉइंग पॉवर मात्र पाऊण लाखानंच. तूट पंचवीस हजारांनी फुगते. ताज्या बिलाचे लाख वसूल केले, तर उचल लाखानं उतरते, पण ड्रॉइंग पॉवरही साठ हजारांनी घटते. जुन्या सहा लाखांचं मात्र वेगळं आहे. ते हिशेबात धरलेलेच नाहीत, त्यामुळे त्यातला आलेला प्रत्येक रुपया पुरता तुटीतून उतरतो.

दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन थकबाकीदार गिऱ्हाइकांकडे निघाले.